काडीला कन्नडात काय म्हणायचं

आमच्या गावच्या वनहक्क समितीची मी सचिव झाले ती काही हुशारीमुळं नव्हे. माहेर खानापुराकडचं, मराठी, पण शाळेत कन्नड लिहायला शिकले होते. इथं कर्नाटकातल्या जोयड्याच्या डोंगरात सासरी आले तर घरात मराठी, बाजारात कन्नड बोलणारे सगळे, पण लिहायची वेळ आली की प्रत्येकाचा हात दुखायला लागतो. सभेचं इतिवृत्त मात्र कचेरीला कन्नडातच लागतं. मग काय, लोढणं माझ्या गळ्यात.

तालुक्याला आम्हा सचिवांचं प्रशिक्षण झालं, तेव्हा एका निवृत्त कारकुनानं शिकवलेलं मी घट्ट धरून ठेवलं. ते म्हणाले, झालं ते भूतकाळात लिहायचं. चर्चा झाली, हरकत घेतली, ठराव मंजूर झाला. कोण कसा ओरडला ते नको. आणि कुणाचं वाक्य जसंच्या तसं अवतरणात तर मुळीच नको, कारण सभेतला राग संध्याकाळपर्यंत उतरतो, कागदावरचा उतरत नाही.

माझे चुलत सासरे, मी त्यांना मामा म्हणते, डोंगराच्या अंगाला नाचणी आणि थोडं भात करायचे. आजोबांपासूनची वहिवाट. पण जमीन जंगलात मोडते, म्हणून हक्काचा अर्ज केला होता. वरच्या समितीनं तो फेटाळला: तीन पिढ्यांचा पुरावा अपुरा. पुरावा म्हणजे काय हवं होतं त्यांना? आंब्याच्या झाडानं साक्ष द्यायची का? मामांनी जिल्ह्याला अपील केलं आणि त्याला जोडायला ग्रामसभेचा ठराव हवा म्हणून आम्ही शाळेत सभा घेतली.

सभेत वनखात्याचा गार्डही बसला होता. तो म्हणाला, अपिलाचा निकाल लागेपर्यंत यंदा नांगर घालू नका. झालं. मामा उठले. एरवी बोलणं कमी, पण त्या दिवशी अंगात आलं. ‘‘आज्यानं केली, बापानं केली, मी केली. आणि आता नांगर घालू नको? मग काडी लावतो ह्या सगळ्याला!’’ म्हणाले आणि पंचा झटकून खाली बसले.

आता आमच्याकडं काडी लावतो म्हणजे काय? सून सासूवर चिडली की संसाराला काडी लावते. माझा नवरा किक लागेना की मोटरसायकलीला रोज काडी लावतो. सभेतल्या सगळ्यांना ते कळलं, दोघं-चौघं हसलेसुद्धा. मी लिहिलं: अर्जदारांनी जमीन कसण्यास बंदी घालण्याच्या सूचनेबद्दल तीव्र असमाधान व्यक्त केलं. अपिलास पाठिंब्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. बस.

पुढच्या सभेत रीतीप्रमाणं मागचं इतिवृत्त वाचून कायम करायचं होतं. मी कन्नडात वाचलं, मग मराठीत सांगितलं. मामा म्हणाले, ‘‘थांब. असमाधान म्हंजे काय?’’

‘‘तुम्ही नाराज झालात असं, मामा.’’

‘‘मी नाराज न्हवतो. नाराज पोरगं व्हतंय, शेंगा न्हाई मिळाल्या तर. मी बोल्लो ते कुठं हाय?’’

मी सांगितलं, इतिवृत्तात बोलणं नसतं, काय झालं तेवढंच असतं. तर ते अध्यक्षांकडं वळले. म्हणाले, ‘‘कचेरीत गेलो, माझं कुणी ऐकलं न्हाई. इथं ऐकलं, तर हिनं पुसून टाकलं. जसं बोल्लो तसं लिवा.’’

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, फार तर ‘जोरदार निषेध नोंदवला’ लिहिते, फेरसुनावणीची मागणी केली असंही घालते, पण ते वाक्य नको. किंवा मराठीतच राहू दे, देवनागरीत. अध्यक्ष, त्यांच्याच भावकीतले, म्हणाले, ‘‘मराठी तिथं वाचणार कोण? त्यांची इच्छा हाय, दुरुस्ती सुचवलीया, कुणाची हरकत हाय?’’ कुणाचीच नव्हती. म्हातारा माणूस, आपल्याच शब्दांवर हक्क सांगतोय, कोण नाही म्हणणार? आणि सभेनं दुरुस्ती मान्य केली की सचिवानं ती नोंदवायचीच असते. जुनी ओळ खोडायची नसते, नव्या सभेत ‘पुढील दुरुस्ती मान्य झाली’ म्हणून लिहायचं असतं.

पेन हातात घेतलं आणि अडले. काडीला कन्नडात काय म्हणायचं? कड्डी. पण ‘कड्डी लावतो’ म्हटलं तर कन्नड माणसाला काही बोध होत नाही. मग बेंकी, म्हणजे आग. बेंकी हच्चुत्तेने. आग लावीन. मी मामांना पुन्हा विचारलं, तुम्हाला कागदपत्रांना म्हणायचं होतं ना? की अर्जाला? ते म्हणाले, ‘‘मला शाळा शिकवू नको पोरी. सगळ्याला म्हंजे सगळ्याला.’’ मी लिहिलं, अवतरणासकट. अध्यक्षांनी सही केली. मामांनी ती ओळ बोटानं चाचपून पाहिली आणि समाधानानं घरी गेले. मला मात्र त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

उन्हाळा वाढला. पानगळीनं डोंगर सुकून खडखडीत झाला, पायाखाली नुसती कुरकुर. अशात एका दुपारी मामांच्या शेताच्या वर धूर दिसला. बांबूच्या गाठी फुटल्याचे आवाज गावापर्यंत आले. मामा स्वतः फांद्या घेऊन विझवायला पळाले, दाढी करपून आले. आग कशानं लागली ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही. मधवाल्यांची मशाल असेल, बिडी असेल. दरवर्षी कुठं ना कुठं लागतेच.

दुसऱ्याच दिवशी गार्ड माझ्या दारात. चहा नको म्हणाला. हा माणूस कधी चहा नको म्हणत नाही. ‘‘अक्का, त्या सभेची नक्कल पाहिजे. सही-शिक्क्याची.’’ नक्कल नाकारता येत नाही. दिली. दोन्ही सभांची दिली, पहिलीतली ‘असमाधान’वाली ओळ तरी वाचतील म्हणून.

मग मामांना जोयड्याच्या वनखात्याच्या कचेरीत आगीच्या चौकशीला बोलावणं आलं. मी बरोबर गेले. बसमध्ये रामनगरापासून मी एकच घोकत होते: ‘‘मामा, एवढंच सांगा, रागात बोललो. कागदांबद्दल बोललो. आमच्यात तशी म्हण आहे म्हणा.’’ ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी धुतलेली टोपी घातली होती.

साहेब भला माणूस वाटला, आवाजसुद्धा चढवला नाही. माझ्या अक्षरातला कागद समोर धरून त्यानं सावकाश वाचलं, कन्नडात, ते अवतरणातलं वाक्य. मी मध्येच म्हटलं, ‘‘सर, मराठीत ह्याचा अर्थ वेगळा होतो.’’ त्यानं हातानं मला थांबवलं. ‘‘अक्का, लिहिलंय तुम्हीच. त्यांना विचारतोय.’’ मग मामांकडं बघून, ‘‘हे तुमचं बोलणं?’’

मामा ताठ झाले. आयुष्यात पहिल्यांदा एका साहेबानं त्यांचं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

‘‘व्हय,’’ ते म्हणाले. ‘‘माझंच. सभेत, सगळ्यांच्या म्होरं.’’

कारकुनानं लिहून घेतलं. मामांनी सही केली, नीट, प्रत्येक अक्षर सुटं. साहेब गार्डाला काहीतरी हळू बोलला आणि आम्हाला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. गार्ड दाराशी उभा राहिला, आमच्याकडं तोंड करून.

मामा माझ्याकडं झुकले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा हलका दिसत होता.

‘‘ऐकलं बघ शेवटी त्यांनी,’’ ते म्हणाले. ‘‘आता जमीन देतील न्हवं?’’