अंगठा, करंगळी, पेन्सिल

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, जळगावच्या एका पाइप कारखान्यात मशीन चालवायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एकदा धुवायच्या शर्टातून त्यांची वही निघाली. एरवी तिच्यात पाइपांची मापं असत. शेवटच्या पानांवर मात्र भलतंच होतं. ‘अंगठा. अंगठा. करंगळी. पेन्सिल.’ पुढे महिनाभर रोज पेन्सिलच.

असले कसले पाइप, म्हणून मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. आईनं तोंडाला पदर लावला. नाना हल्ली रोज सकाळी संडासात अर्धा तास बसत, हे तिला ठाऊक होतं. मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. हसून हसून आमची पोटं दुखली. कारखान्यातला माणूस, स्वतःचाही माल मोजायचा! तेवढ्यात दोन पेन्सिलींपुढे ‘लाल’ लिहिलेलं दिसलं आणि माझं हसणं तिथंच थांबलं.

संध्याकाळी नाना आधी वही उघडली म्हणून चिडले. मग म्हणाले, “मी माल बदलेल शे.” म्हणजे शेवभाजी बंद, केळी आणि इसबगोल चालू.

आईनं शांतपणे विचारलं, “मशीनवर पाइप बारीक निंघना ते काय करतस?”

“एखादा नग निंघना ते सोडी देतस. सारखाच निंघना ते पहिले माल बदलतस. तरी बारीकच, ते मशीन बंद करीसन साचा खोलतस.”

“मंग? महिना व्हयना!”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात. डॉक्टरांनी वही वाचली, हसू दाबलं आणि म्हणाले, “एखाद्या दिवशी संडास बारीक झाली तर काही नाही. बद्धकोष्ठानंही होते. पण पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालं, आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, वर रक्त, मग आत बघायलाच हवं. रोज मोजलंत ते बरं केलंत, लपवलंत ते चुकलं.”

त्यांनी हातमोजा घालून बोटानं तपासलं, तेव्हाच आत काहीतरी लागलं. पुढे दुर्बीण घातली, तपासायला तुकडा काढला, आणि उत्तर आलं: कॅन्सरची गाठ. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. पण गाठ पसरलेली नव्हती. मुंबईला ऑपरेशन झालं, गाठ निघाली.

घरी आल्यावर कितीतरी दिवस वही कोरीच राहिली. पोट ताळ्यावर यायला महिने गेले. आईनं या सगळ्यात एकदाही डोळ्यांतून पाणी काढलं नाही. मग एका सकाळी संडासाच्या बंद दारामागून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा नानांचा आवाज आला, “अंगठा!”

आई पीठ मळत होती. ती तशीच खाली बसली आणि पिठाच्या हातांनी तोंड झाकून हसत हसत रडायला लागली.