सकाळी अकराचं इंटरनेट

आमच्या घरचं इंटरनेट फार चांगलं आहे, असं मी दोन महिने सगळ्यांना सांगत फिरलो. नुसतं सांगत नव्हतो, पुरावा दाखवत होतो. भिलाईतल्या सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरच्या बैठकीत, सकाळी अकराच्या सुमाराला, चहाचा दुसरा कप हातात घेऊन मी मोबाइलवर स्पीड टेस्ट लावायचो. काटा सुर्रकन उजवीकडे जायचा आणि तिथंच मुक्काम ठोकायचा. मग मोबाइल बायकोपुढं धरायचो, पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोरानं निकाल धरावा तसा.

"हे पाय. आहे का आता काही बोलाले जागा?"

"सकाळी नाचते ना ते," ती लसूण सोलता सोलता म्हणायची. "माह्या क्लासच्या टायमाले त्याचा पाय मोडते."

तिचा क्लास रात्री आठला. एप्रिलात जयंती, आणि जयंतीला विहारासमोरच्या स्टेजवर मुलींचं समूहगान बसवायचं काम तिनं अंगावर घेतलेलं. मुली सगळ्या आपल्याच घरातल्या, भाच्या आणि पुतण्या, पण कोणाचे वडील रेल्वेत म्हणून बिलासपूरला, कोणाचे गोंदियाला, एक नागपूरला. त्या भिलाईत येणार ऐन जयंतीच्या आदल्या दिवशी. तोवर जी तालीम व्हायची ती लॅपटॉपवर. जयंती कमिटीचे सचिव आधीच कुरकुरत होते. दुर्गचा एक ऑर्केस्ट्रा त्यांच्या मनात भरला होता. "वहिनी, पुढच्या रविवारी मी ऑनलाइन येऊन ऐकतो," ते म्हणाले. "पोरी तयार वाटल्या तं ठीक. नाहीतं मले ऑर्केस्ट्रावाल्याले सांगा लागते."

बायको लग्नाआधी नागपुरात गाणं शिकलेली. मग संसार, पोरं, आणि माझ्यासारखा नवरा. एवढ्या वर्षांनी हार्मोनियमवरची चादर निघाली होती, ती परत पडू नये एवढंच तिला पाहिजे होतं. आणि मधे येत होतं इंटरनेट.

समूहगान असलं तरी तालीम समूहानं होत नसे. सगळ्यांनी एकदम सूर लावला की प्रत्येकीचा आवाज आपापल्या सवडीनं पोचतो आणि नुसता बाजार होतो, म्हणून बाकीच्यांचे माइक बंद ठेवून एकेकीनं गायचं. आधी बायको गाऊन दाखवणार. ती आकार लावायची, डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून, लांबच्या लांब. तिकडं बिलासपूरहून भाची विचारायची, "मावशी, तुम्ही आकार लावून राहिल्या का अटकून राहिल्या?" दोन्हींत चेहरा सारखाच दिसायचा.

हे सगळं मला ऐकीव. कारण मी आठ वाजता घरी नसायचो. मी स्टील प्लांटमध्ये, कॉम्प्रेसर हाउसला. सेकंड शिफ्ट मला आवडते: दुपारी दोनला जायचं, रात्री दहाला सुटायचं, सकाळ आपली. इतरांना ती नको असते, म्हणून कोणी बदलून मागितली की मी घेतो आणि वर उपकार केल्यासारखा चेहरा करतो. बायकोच्या तक्रारीवर मी जे संशोधन केलं ते सगळं सकाळचं. लॅपटॉप जुना झाला, हे पहिलं निदान. मग राउटर कपाटावर चढवला. मग तिला सांगितलं, तू हार्मोनियम फार जवळ घेतेस. हे शेवटचं निदान कशाच्या आधारावर केलं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

आमचा केबलवाला माझ्या ओळखीचा, यवतमाळकडचा. त्यालाही सकाळीच बोलावलं. तो आला, भिंतीतून येणारी काळी जाड केबल हलवून पाहिली, जोड घट्ट केला, टेस्ट लावली. दोघं जण काट्याकडं बघत कौतुकानं उभे राहिलो.

"भाऊ, लाइन तं ठणठणीत हाय."

"मीबी तेच म्हणतो."

"तरी वहिनीले कमी वाटत असन तं वरचा प्लॅन घेऊन टाका."

घेतला. सकाळी अकराला काटा आणखी उजवीकडं गेला. रात्री आठला बायकोचं तोंड होतं तिथंच उघडं राहिलं.

"रात्री या म्हणा त्याईले," ती म्हणाली.

"अवं, तार काय रात्री वेगळी असते?"

तिनं लसणाची टोपली उचलली आणि आत गेली. तिचं असं उठून जाणं मला नंतर महागात पडतं, हे मला माहीत असायला हवं होतं.

सचिव ऐकणार होते त्याच्या आधीच्या आठवड्यात माझा ऑफ आला, आणि या खेपेला तो मी कोणाला दिला नाही. म्हटलं, आज आठ वाजता घरीच बसतो आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावतो. ते दिवस क्रिकेटच्या सामन्यांचे. आठ वाजता आख्ख्या गल्लीत, एकाआड एक खिडकीत तीच हिरवी मैदानं. बायकोनं पट्टीवर बोट ठेवलं, मी स्वयंपाकघराच्या दारात मोबाइल घेऊन उभा राहिलो, आणि तिनं सूर लावताच टेस्ट सुरू केली.

लॅपटॉपवरच्या चारही मुली थिजल्या. काटा थोडा वर गेला आणि दमेकऱ्यासारखा खाली बसला. मुली हलल्या. मला वाटलं, एका टेस्टनं काय कळतं? पुन्हा लावली. मुली पुन्हा थिजल्या. तिसऱ्यांदा लावली तेव्हा नागपूरची पुतणी पुरती गायबच झाली.

बायकोनं भाता सोडला. "अवो, काय करून राहिले तुम्ही?"

"मोजून राहिलो."

"मोजू नका! तुम्ही मोजता तवाच ते मरते!"

खरं होतं. टेस्ट म्हणजे लाइनीत असेल नसेल तेवढं सगळं ओढून पाहणं. आधीच दोन घोट उरलेले, ते मी मोजायला म्हणून पिऊन टाकत होतो. पण मी मोबाइल ठेवून दिल्यावरही गाणं काही धड चाललं नाही. मुलींचा आवाज तरी तुकड्या तुकड्यांनी इकडं येत होता, हिचा तिकडं जाताना त्याहून वाईट तुटत होता. शेजारी मात्र मॅच सुखानं चालली होती. थोडी धुरकट, पण चालू.

क्लास अर्ध्यावर मोडला. तिनं लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडं वळली.

"एक सांगा. रोज जेवताना कोणाच्या नावानं खडे फोडता तुम्ही?"

"कोणाच्या?"

"त्या शॉपवाल्यांच्या. सगळ्याईनं एकदम हवा ओढली का हेडरचं प्रेशर पडते, अन् शिव्या आमाले बसतात. किती साल झाले, तेच ऐकून राहिली मी. मंग हे काय हाय?"

तोंडात घास नव्हता तरी मला ठसका लागला. आमचं काम हेच: हवा दाबून एका मोठ्या पाइपात सोडायची. तो हेडर. त्याला फांद्या फुटून प्लांटच्या सगळ्या शॉपला, म्हणजे वेगवेगळ्या खात्यांना, हवा जाते. रिकाम्या वेळी कुणीही वॉल्व्ह उघडावा, हवा अशी की टोपी उडते. सगळ्यांनी मिळून उघडला की प्रत्येकाला फुंकर. नोकरीची इतकी वर्षं हे मी नवीन पोरांना छाती फुगवून शिकवतो, आणि घरात हेडरवर दुसरं कोणी नसताना प्रेशर मोजून बायकोला खोटं पाडत होतो.

केबलवाल्याला फोन लावला. तो आधी हसला, मग खरं बोलला.

"भाऊ, आमच्या ऑफिसपासून त्या कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत फायबरच हाय. पण खांबावरच्या डब्ब्यातून पुढं जे काळी केबल निंगते ते तुमची गल्ली, मागची गल्ली, सगळ्याईची एकच. सकाळी सगळे ड्युटीवर, पोरं शाळेत, केबल तुमची एकट्याची. आठ वाजता सगळे घरी."

"मग तो वरचा प्लॅन काहून देल्ला मले?"

"त्यानं तुमाले जास्त ओढाची परवानगी भेटते ना भाऊ. पाइप तं तोच." मग त्यानंच पुढं सांगितलं, "अन् वहिनीचं काम वर पाठवाचं, आपला आवाज तिकडं. खाली याले केबलमंधी जागा लय, वर जाले बोळ. त्या बोळात सगळा मोहल्ला."

"शेजाऱ्याची मॅच कशी चालते मंग?"

"मॅच पुढचं थोडं साठवून ठेवते, तुटलं तरी दिसत नाही. गाणं समोरासमोर. ते काय साठवणार?"

गल्ल्या वेगळ्या काढून खांबावर दोन डबे करायचं ठरलं आहे म्हणाला. जयंतीनंतर.

तोवर कोण थांबणार? मग दुसऱ्या कंपनीचं फायबर, थेट घरात. वायर बसवणारा पोरगा खुर्सीपारहून आला. कुलरच्या जुन्या भोकातून त्यानं शेवईसारखी बारीक तार आत घेतली आणि मला बजावलं, "अंकल, इसको मोड़ना मत. अंदर काँच है." मला उरलेली तार खिळ्याला घट्ट गुंडाळायची फार इच्छा होती. बायको तारेजवळ उभी राहिली.

मी जाणकारासारखं विचारलं, "ये तो अपनी अकेले की लाइन है ना?"

"नहीं अंकल, बँटती तो ये भी है. नीचे डिब्बे में एक धागे से कई घर निकलते हैं. पर इसमें जगह बहुत है, और ऊपर जाने वाला रास्ता भी चौड़ा है."

म्हणजे हेडर इथंही होताच, फक्त चांगला रुंद. मी मान डोलावली. बायकोनं ती डोलावलेली मान पाहिली आणि ओठ दाबले.

रविवार उजाडला. मी ड्युटी बदलून घेतली होती. आठला सचिव स्क्रीनवर हजर, मागं पंखा, पुढं कपाळावर आठ्या. गल्लीत सामना रंगात. बायकोनं माझा मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं होतं. मी दारात रिकाम्या हातानं उभा.

तिनं आकार लावला. डोळे मिटलेले, तोंड उघडं. स्क्रीनवरच्या तिच्या छोट्या चौकटीतही तसंच. बराच वेळ काही हललं नाही. सचिव हलेनात, मुली हलेनात. नेमकं त्याच वेळी शेजारून कोणी ओरडलं, "अरे, अटक गया!"  मी स्क्रीनवर दिसू नये म्हणून वाकून राउटरकडं धाव घेतली, हात पुढं केला, तेवढ्यात बायकोनं आकार न सोडता एक डोळा उघडला आणि भुवईनं मला जागच्या जागी बसवलं. अडकली होती ती शेजाऱ्याची मॅच. इकडं सगळे ऐकत होते, म्हणून हलत नव्हते.

मग एकेक मुलगी गायली. बिलासपूरच्या भाचीचा सूर दुसऱ्या ओळीत घसरला.

"मावशी, ते नेट…"

"नेट नाही बाई. तू. पुन्हा म्हण."

तिनं पुन्हा म्हटलं. तिसऱ्या वेळेला बरोबर म्हटलं. सचिवांनी घसा खाकरला. "ऑर्केस्ट्रावाल्याले मी नाही म्हणून सांगतो," ते म्हणाले. "फक्त वहिनी, ते शेवटचं लांबवता ना तुम्ही, स्टेजवर तेवढंच लांबवा. मले वाटलं का माहंच अटकलं."

क्लास संपल्यावर तिनं डबा उघडून मोबाइल माझ्या हातात दिला, तांदूळ झटकून. मी लगेच टेस्ट लावली. काटा चांगलाच वर गेला, पण सकाळपेक्षा जरा अलीकडं थांबला.

"सकाळइतका नाही," मी म्हणालो.

हार्मोनियमवर चादर टाकता टाकता ती थांबली. मग चादर घडी करून बाजूला ठेवली. हार्मोनियम उद्या आठला पुन्हा लागणारच होती.

"आठ वाजता तुम्ही तरी कुठं सकाळइतके असता?"