मकबूलभाईंची झाकणं

वारज्याच्या त्या वर्कशॉपात येऊन मकबूलभाईंना कुणी विचारलं, की तुम्ही नक्की काय करता, तर ते हातातलं काम न थांबवता सांगायचे, "झाकणं करतो." विचारणारा हिरमुसायचा. इथं रॉकेटचं काम चालतं असं ऐकून आलेला असायचा बिचारा. मग मकबूलभाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "रॉकेट काय, कुणीही पेटवेल हो. ते बिघडलं की माणसांना बाहेर कोण काढणार, ते बोला."

आणि एकदा सुरू झाले की समोरच्याचा चहा गार होईपर्यंत सुटका नाही. अंतराळवीर ज्या कुपीत बसतात ती रॉकेटच्या टोकाला. तिच्या डोक्यावर एक बारीक मनोरा, आणि त्यात घन इंधनाची एक मोटर. खालचं रॉकेट दगा देतंय असं दिसलं, की ही मोटर पेटते आणि कुपीला वरच्या वर उपटून नेते. रॉकेट अजून जमिनीवर उभं असलं तरी नेते. दोन-चार सेकंदांचा खेळ. तेवढ्यात लांब आणि बाजूला, मग पॅराशूट. त्या मोटरला वरच्या अंगाला चार तोंडं असतात, खाली आणि जराशी बाहेर वळलेली, नाहीतर ज्वाळा कुपीवरच यायच्या. प्रत्येक तोंडावर मकबूलभाईंचं एकेक झाकण.

"पत्र्याची चकती," ते हातानं आकार दाखवायचे. "मोटर महिनोन्‌महिने पडून असते, तोवर दमट हवा आत जाऊ द्यायची नाही. पेटली की आत दाब चढेपर्यंत क्षणभर तग धरायचा. आणि मग चौघांनी एकदम फुटायचं! एक जरी आधी फुटलं तरी एका बाजूचा जोर आधी लागतो, कुपी तिरकी ओढली जाते. कळलं? आता चहा प्या."

गर्व म्हणाल तर भरपूर होता, आणि का नसावा? माणसाचा हातच तसा होता. चकतीच्या एका अंगाला फुलीसारखी खाच पाडायची, आणि खाचेच्या तळाशी अडीचशे मायक्रॉन पत्रा शिल्लक ठेवायचा. म्हणजे दोन-तीन केसांची जाडी. मशीन पाडायचं खाच, पण मशीन लावायचे मकबूलभाई. मालक अनंतराव कोथरूडहून रोज सकाळी आठला यायचे, तर हे पावणेआठलाच हजर. वर "या, आज लवकर आलात," हे ऐकवायचे. पंचवीस वर्षं झाली, अनंतरावांनी कधी उलट उत्तर दिलं नाही. त्यांना उत्तर सुचत नव्हतं असं नाही, पण असला माणूस परत मिळणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मकबूलभाईंचे वडील कल्हईवाले. सदाशिव पेठेत दारोदार फिरायचे, आणि सुट्टीच्या दिवशी मकबूल भाता चालवायला बरोबर. नवसागर टाकून कापसाचा बोळा फिरवला की पातेलं पांढरंशुभ्र व्हायचं. पण पेठेतल्या बायका म्हणजे साध्या नव्हेत. पातेलं उजेडात धरून बघायच्या आणि शांतपणे परत करायच्या. "यात माझं तोंड दिसत नाही. दिसलं की पैसे घेऊन जा." त्या बायकांनी मकबूलभाईंना आयुष्यभराची खोड लावून ठेवली. हातातून वस्तू जाताना तिला चकाकी हवीच. घरी जिनतभाभी वैतागायच्या, की अहो, धुतलेल्या चमच्यांना कशाला चोळता, झिजून जातील. तरी चोळायचेच.

त्या वर्षी कुपी ओढून काढण्याची खरीखुरी चाचणी ठरली होती. आत माणूस नाही, पण रॉकेट खरं, मोटर खरी. वर गेल्यावर मुद्दाम बिघाडाचा हुकूम द्यायचा आणि कुपी सुटते का बघायचं. त्यासाठी मकबूलभाईंनी वीस झाकणं केली. त्यातली आठ फोडून तपासली, आठही अगदी हव्या त्या दाबाला फुटली. उरली बारा. गुरुवारी अवकाश संस्थेच्या प्रियदर्शनी मॅडम येऊन सही करणार, की माल रवाना.

एरवी शेवटची पुसापुशी आणि पॅकिंग स्पृहा स्वतः करायची. ही वर्कशॉपची क्वालिटी इंजिनियर, वय सत्तावीस, जिभेवर अर्धं इंग्लिश, पण कामाला खडूस. नेमकी ती मंगळवारी मावसबहिणीच्या लग्नाला गेलेली. मकबूलभाईंनी जेवणाच्या सुट्टीत पेटी उघडून पाहिली, तर झाकणं मळकट दिसत होती. बोटांचे डाग, बंगळूरूहून माणूस येणार, आणि हे असं? छे! त्यांनी कपाटातली पॉलिशची पेस्ट काढली, मऊ फडकं घेतलं आणि बाराच्या बारा झाकणांची सपाट पाठ चोळून काढली. खाचेच्या बाजूला हातसुद्धा लावला नाही, एवढं भान होतं त्यांना. शेवटच्या झाकणात त्यांना स्वतःची मिशी दिसली, तेव्हा कुठं समाधान झालं.

गुरुवारी प्रियदर्शनी मॅडमनी पेटी उघडली आणि पहिला शब्द काढला, "वा, किती स्वच्छ!" मकबूलभाईंची छाती दोन इंच फुगली. मॅडमनी नंबर ताडून पाहिले, कागद वाचले, सही केली. जाता जाता नव्यानं लागलेल्या दोघा कामगारांना त्या सहज म्हणाल्या, "यातलं एकही झाकण आपण तपासलेलं नाही, माहितेय ना? फोडल्याशिवाय कळत नाही ते किती दाबाला फुटेल, आणि फोडलं की वापरता येत नाही. त्या आठांनी यांची हमी दिलीय. एकच पत्रा, एकच मशीन, एकच हात. आठांचं जे झालं तेच यांचं झालंय, म्हणून ही वर जाणार."

टाळ्या वाजवायला वर आलेले मकबूलभाईंचे हात तिथंच थांबले.

आठांचं जे झालं तेच यांचं झालं नव्हतं. आठांना त्यांनी चोळलं नव्हतं. खाचेला हात लावला नाही म्हणून ते निर्धास्त होते. पण पाठीकडून पत्रा झिजला तरी खाचेखालची जाडी कमी होणारच की! पाच मायक्रॉन? दहा? कुठल्या झाकणाला जास्त घासलं, कुठल्याला कमी? अरे देवा, अडीचशेच तर होते.

मॅडमची गाडी फाटकात होती. पेटी सील लागून तिच्यात चढली होती. हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्याच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. दुसरा कुणी असता तर घरी जाऊन विचार केला असता. मकबूलभाईंना विचार करायची सवय नव्हती, त्यांना बोलायची सवय होती. ते तसेच फाटकाकडे धावले. साठीला आलेला माणूस धावतोय हे बघून वॉचमन आधी बाजूला झाला.

"मॅडम, थांबा. ती पेटी जायची नाही. मी गाढवपणा केलाय."

पेटी परत आत आली. मकबूलभाईंनी सगळं सांगितलं, पेस्टचा डबासुद्धा टेबलावर आणून ठेवला. स्पृहाचा चेहरा पडला. "काका, प्रोसेस कार्डवर नाहीये तर कशाला केलंत? मला एक कॉल करायचा ना!"

"पुसणं म्हणजे काम असतं, हे डोक्यातच आलं नाही गं."

अनंतरावांनी तुटलेल्या सीलवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मकबूलभाई, तुम्ही आमच्याकडे पातेली समजून काम करता हे माहीत नव्हतं." पुण्यात याहून मोठी शिवी नाही. मकबूलभाईंनी ती मान खाली घालून घेतली. त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी बारांतली चार झाकणं फोडली. दोन नेमकी फुटली. तिसरं चार टक्के आधी, म्हणजे तेवढ्या कमी दाबाला. चौथं सात टक्के आधी. चौघांत तीन टक्क्यांहून जास्त फरक चालत नव्हता. स्पृहानं आकडे वाचून दाखवले. उरलेली आठ नाकारलेल्या मालाच्या लाल पेटीत गेली, पेटीला कुलूप लागलं. नवा लॉट करायला पाच आठवडे लागणार होते, आणि तोवर तिकडची माणसं वाट बघत बसणार होती.

मॅडमनी नियमाप्रमाणे मकबूलभाईंची कामाची मान्यता काढून घेतली. या कामावर त्यांची सही चालणार नाही, मालाला हात लावायचा नाही. अहवालात स्पृहानं मऊपणानं लिहिलं होतं, 'एका कामगाराकडून'. मकबूलभाईंनी तो वाचला आणि परत तिच्याकडे सरकवला.

"एक कामगार कोण? नाव घाल."

"काका, गरज नाहीये. इट्स ओके."

"अगं, बाकीच्या अकरा जणांवर कशाला शंका? मकबूल लिही. माझी लाज राखायला माझं नाव लपवू नकोस."

तिनं नाव घातलं. घरी जिनतभाभींनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "धावत गेलात हे चांगलं केलंत. गुडघा दुखतोय का?" दुखत होता. त्यांनी तेल गरम करून आणलं.

नवा लॉट झाला तेव्हा बघण्यासारखं दृश्य होतं. मशीनवर दुसरे हात, आणि शेजारी मकबूलभाई, दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधून उभे. "हळू. अजून हळू. आवाज ऐक ना त्याचा, कान कशाला दिलेत? हां, आता थांब." सगळं ज्ञान तोंडानं ओतत होते, राग आला की पाय आपटत होते, पण हात पाठीमागचे सुटले नाहीत. विसांतली आठ फोडली, आठही नेमकी फुटली. बाकीची मळकट दिसत होती. डाग फक्त ठरवलेल्या द्रावणानं, ठरवलेल्या पद्धतीनं काढले, चकाकी काही आली नाही. मकबूलभाईंनी एकदा तोंड वाकडं केलं आणि ती तशीच जाऊ दिली.

चाचणी होती त्या सकाळी वर्कशॉप बंद ठेवून सगळे ऑफिसातल्या टीव्हीसमोर जमले. मकबूलभाई निवृत्त होऊन आठवडा झाला होता, तरी पावणेआठलाच येऊन खुर्ची धरून बसले होते. रॉकेट उठलं. मिनिटभर नुसता धूर आणि आकडे. मग बिघाडाचा हुकूम गेला, आणि मनोऱ्याच्या चार बाजूंनी चार ज्वाळा एकाच क्षणी फुटल्या. कुपी सरळ, झटक्यात वर निघून गेली, खालचं रॉकेट मागं पडलं. जराही तिरकी झाली नाही. थोड्या वेळानं पॅराशूट उघडली तेव्हा स्पृहा रडत होती आणि अनंतराव कुणालातरी मिठी मारत होते.

मग सगळे मकबूलभाईंकडे वळले. "काका, तुमची झाकणं!"

"माझी नव्हेत ती." मकबूलभाईंनी डोळे पुसले आणि बोट स्टोअरच्या दाराकडे केलं. "माझी तिथं आहेत, लाल पेटीत, कुलूपबंद. ती वर गेली नाहीत, एवढंच माझं."

अनंतराव खुर्चीतून उठले, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मकबूलभाईंसाठी स्वतः चहा ओतला.