वेल्डिंग मशीनचं बिल

जाम गावाला मी ग्रामसेवक होतो. तिथल्या लोहाराला मी सरकारी अनुदान योजनेचं इंग्रजी परिपत्रक वाचून मराठीत चिठ्ठी लिहून दिली. ग्रामीण कारागीर पात्र, किमतीच्या एक तृतीयांश अनुदान. कागद म्हणून उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि वेल्डिंग मशीनचं बिल.

परिपत्रकात बिल नव्हतंच. दुकानदाराचं कोटेशन, म्हणजे नुसता लेखी भाव हवा होता. घाईत मी बिल लिहून मोकळा झालो. त्या बिलासाठी त्यानं म्हैस विकून मशीनच आणलं. मंजुरीआधी घेतलेल्या मशीनला अनुदान नव्हतं. बँकेतून अर्ज परत आला.

“तुमी तं बराबर लिहून देल्लं होतं, भाऊ. बँकेच्या सायबानंच अडवलं,” तो म्हणाला.

त्यानंच पाजलेला चहा पीत मी ‘हो’ म्हणालो.