वेगाचा परिणाम नाही

वेल्डिंगच्या प्रयोगशाळेत बाईंचा शब्द चालायचा, पण तेवढ्या चार भिंतींतच. बाहेर त्या नुसत्या सहायक अध्यापिका, आणि पोरांच्या तोंडी 'होणार मॅडम', कारण पीएचडी कुठवर आली असं विचारलं की वर्षानुवर्षं त्यांचं एकच उत्तर, "होणार, होणार." आता नोंदणीची मुदत संपत आली होती. त्याआधी एक शोधनिबंध छापून आला तर पदवी, नाहीतर सगळं मुसळ केरात.

प्रयोग मात्र चोख होता. घटक तीन: करंट, वेल्डिंगचा वेग आणि गॅसची नोझल. प्रत्येकाच्या दोन पातळ्या, म्हणजे आठ मांडण्या. प्रत्येक मांडणी दोनदा, आणि कुठली कधी करायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. मग सांधे यंत्रात ओढून तोडायचे आणि किती ताकदीला तुटले ते लिहायचं. मार्गदर्शक सरांनी स्वतः बनवलेल्या नव्या नोझलने ताकद सरासरी चार किलोन्यूटनने वाढली. करंटचा मुख्य परिणाम, म्हणजे बाकीच्या घटकांची सरासरी धरून पडणारा फरक, जेमतेम एक. एवढा फरक तर एकाच मांडणीच्या दोन सांध्यांतही पडत होता. आणि वेगाचा शून्य.

शून्य बघून बाईंना खटकलं. त्यांनी दोन्ही करंटचे आकडे वेगवेगळे काढले. कमी करंटवर सावकाश गेलं तर चाळीस, भरभर गेलं तर अठ्ठावीस. जास्त करंटवर सावकाश एकोणतीस, भरभर एक्केचाळीस. कमी करंटवर घाई केली की धातू पुरता वितळत नाही, जास्त करंटवर रेंगाळलं की सांधा करपतो. एकीकडे बारा कमी, दुसरीकडे बारा जास्त. सरासरीत दोन्ही एकमेकांना खाऊन टाकत होते. करंट आणि वेगाची परस्परक्रिया, म्हणजे एकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असणं, बारा, म्हणजे नोझलच्या तिप्पट! बाईंनी आलेख काढला. दोन रेषा, मधोमध फुली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपल्या कामाचा अभिमान वाटला.

सरांनी आलेख पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, निबंध कशावर आहे?"

"सर, ताकदीवर."

"नोझलवर आहे. तुमची ही फुली टाकली तर नोझलकडे बघणार कोण? मुख्य परिणामांचा तक्ता द्या आणि लिहा, वेगाचा परिणाम नाही. शून्य तुमच्याच आकड्यांतून आलंय ना?"

"पण सर, परस्परक्रिया एवढी मोठी असताना नुसता मुख्य परिणाम सांगणं म्हणजे..."

"सही हवीय की नको?"

बाईंना सही हवी होती. त्यांनी आलेख काढून टाकला. निबंधातला एकही आकडा खोटा नव्हता, आणि नेमकं तेच त्यांना आतून कुरतडत राहिलं. पदवी मिळाली, सत्कार झाला. पोरांनी नवं नाव शोधलं नाही, बाई मात्र त्या दिवसापासून "होणार" म्हणायच्या बंद झाल्या.

सगळ्यात जास्त हरखला तो धाकटा भाऊ. त्याचं लहानसं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. निबंधाच्या शेवटच्या पानावर ताईचा फोटो होता, म्हणून त्याने तेच पान फ्रेम करून ग्राइंडरच्या वर टांगलं. फोटोच्या वर निष्कर्ष होते. ते त्याने शब्द न् शब्द वाचले, कारण घरच्या माणसाने लिहिलेलं होतं.

काही महिन्यांनी त्याने बोलावलं म्हणून बाई दुकानात गेल्या. दारातच परत आलेल्या ब्रॅकेटांचा ढीग होता, बहुतेक सांध्यातूनच तुटलेले. ऑर्डर गेली होती, गिऱ्हाईकही गेलं होतं.

"घाईची ऑर्डर होती, ताई. आपलं मशीन जुनं, करंट वाढत नाही. म्हटलं, वेग वाढवू. तू लिहिलंच होतंस, वेगाचा परिणाम नाही." त्याच्या आवाजात राग नव्हता. आपलंच काहीतरी चुकलं असणार, अशी त्याची खात्री होती. "मी कुठे चुकलो तेवढं सांग."

बाईंनी खडू घेतला, पत्र्यावर दोन रेषा ओढल्या, चार आकडे लिहिले आणि कमी करंटच्या रेषेवर बोट ठेवलं. त्याला क्षणात कळलं.

"एवढंच? मग ही आकृती का नाही छापलीस?"

"जागा नव्हती रे," बाई म्हणाल्या.

त्याने मान वर करून भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं. ताईच्या फोटोखाली अर्धं पान कोरं होतं. त्याने फडकं घेतलं आणि तो पत्र्यावरचा खडू पुसायला लागला.