प्रेमकुंवरबाईंचं गाळणं

मशीन बंद पडलं त्या सकाळी प्रेमकुंवरबाई पडवीच्या दारातून हलल्या नाहीत. राजकुंवरने, म्हणजे त्यांच्या सुनेने, काचेचं गोल दार लावलं, चकती फिरवली, बटण ओढलं आणि वाट पाहिली. ड्रम हलला नाही. तिने दार उघडून पुन्हा लावलं. तरी नाही.

जळगावात तेव्हा कपडे धुण्याचं मशीन असलेली घरं कुणी बोटांवर मोजली असती. निर्मलकुमारने, बाईंच्या मुलाने, ते मुंबईच्या एका लिलावातून आणलं होतं. कुणी परदेशी वकिलातीतला माणूस आपल्या देशी परत जाताना सामान विकून गेला, त्यातलं हे जर्मन मशीन. त्यासाठी मागच्या पडवीत नगरपालिकेच्या नळाची वेगळी तोटी बसवली, आणि तिथूनच बाईंच्या मनात काटा रुतला.

कारण या जैन घरात नळाचं पाणी वापरत नसत. मागच्या अंगणात विहीर होती. तिचं पाणी शेंदायचं, दुहेरी जाड पांढऱ्या कापडातून गाळायचं, आणि गाळणं उलटं करून गाळलेल्या पाण्यानेच धुवायचं. त्या धुण्यात जे सूक्ष्म जीव उतरतात ती जिवाणी. ती परत विहिरीत सोडायची, वरून ओतायची नाही, तळाशी कडी असलेल्या छोट्या कळशीतून पाण्यापर्यंत उतरवायची. जिथला जीव तिथे. बाई सासरी आल्या तेव्हा त्यांनी हा नियम घेतला होता: माझ्या हाताखाली अगाळ, न गाळलेलं पाणी वापरलं जाणार नाही. नळाचं पाणी गिरणा नदीवरून येतं, असं ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "मग त्याची जिवाणी मी रोज नदीवर घेऊन जाऊ का?" आणि नळाला हात लावला नव्हता.

निर्मलकुमारने मशीनच्या मागची नळी सोडून दाखवली होती. "बाई, हे बघा. आतच जाळी आहे. जर्मनांनी तुमच्या आधी गाळणं लावून ठेवलंय."

बाईंनी जाळी डोळ्यांजवळ नेली. तिच्या भोकातून मोहरी गेली नसती, पण मोहरीहून बारीक जीव कितीतरी. जाळी त्यांनी परत दिली. सुनेचे हात सोड्याने फाटले होते, ते त्यांना दिसत होते. मशीन नको म्हणणं त्यांच्या तोंडून निघेना, आणि अगाळ पाणी चालेल म्हणणंही निघेना.

म्हणून दुपारी घर निजलेलं असताना त्यांनी नळीच्या टोकाची पिळाची चाकी तोटीवरून हाताने सोडली. नळवाल्याने ती बसवताना त्या जवळच उभ्या होत्या. जुन्या गाळण्याचा तुकडा दुहेरी घडी करून त्यांनी चाकीत बसवला आणि चाकी परत आवळली. मशीन चाललं. पाणी जरा सावकाश भरत होतं एवढंच. बाई रोज पडवीच्या दारातून ते फिरणं पाहायच्या. नियम सुटला नव्हता आणि सुनेचे हात भरून येत होते. इतकं सुख कुणाला सांगायचं नसतं, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

आणि आता ते चालत नव्हतं.

वना मिस्त्रीला बोलावणं गेलं. तो पाचोऱ्याकडचा, शेतकरी घरातला, बोलण्यात अहिराणी. मोटारींचं वाइंडिंग करायचा. विहिरीवरच्या पंपांत त्याचं आयुष्य गेलं होतं, पण मशीन बसवताना तोच होता, म्हणून त्यालाच पाचारण. चामड्याच्या पेटीत त्याचा मल्टिमीटर असे. काट्याचा, काळ्या डबीचा, लाल आणि काळी अशा दोन वायरी लोंबणारा.

"काय वनाभाऊ, पोस्टमॉर्टम का?" झोपाळ्यावरून घेवरचंद म्हणाले. ते बाईंचे यजमान, पेपर वाचता वाचता सगळ्यांना चिमटे काढणारे.

"अजून मरेल शे का जित्तं, ते तर पाहू द्या, शेठ."

वनाने आधी प्लग काढला. मग मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली, काटा झपकन उजवीकडे गेला, तो त्याने उजव्या टोकाच्या शून्यावर बरोबर आणला: तार सलग असली की काटा इथे येतो. मशीनची वरची पत्र्याची झाकण-पाटी उघडून त्याने दाराच्या कुलपापर्यंत हात घातला.

"वहिनी, दार उघडं असलं ना, तं हे मशीन सुरूच होत नाही. कुलपात एक स्विच शे. दार नीट बसलं तरच तो पुढे वीज सोडतो." त्याने कुलपाच्या वायरी सोडल्या आणि दोन टोकं टेकवली. "आता दार उघडं शे. काटा हालतो का?"

"नाही," राजकुंवर म्हणाली.

"आता लावा."

दार बसलं, कट्ट वाजलं. काटा थेट शून्यावर आला. वनाने तीनदा उघडझाक करून पाहिली. तीनही वेळा काटा दाराबरोबर हलला.

"कुलूप बठ्ठं बराबर शे."

प्रेमकुंवरबाई दारात उभ्या होत्या. कुलूप बिघडलं असतं तर बरं झालं असतं, हा विचार मनात आला तशा त्या स्वतःलाच दचकल्या.

वना मशीनच्या मागे सरकला. तिथे पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह होता, हाताच्या मुठीएवढा, एका अंगाला नळी, दुसऱ्या अंगाला वायरींची दोन टोकं. "याच्यात तारेचं भेंडोळं शे. वीज आली की ते आतली दांडी खेचतं, पाण्याचा रस्ता मोकळा होतो." त्याने वायरी काढल्या, टोकं लावली. काटा डावीकडच्या कडेला जेमतेम थरथरला आणि पडून राहिला.

वनाचा चेहरा उतरला. "गयं," तो म्हणाला. "भेंडोळं तुटेल शे."

"म्हणजे?"

"म्हणजे हाई जर्मनीतून आणावं लागेल, वहिनी."

राजकुंवर खालीच बसली. आपल्या तळव्यांकडे तिने एकदा पाहिलं आणि ते पदराखाली घेतले. घेवरचंदांनी पेपर खाली ठेवला. बाईंना सुटका वाटावी तसं वाटलं, आणि त्या सुटकेची त्यांना शरम आली.

मग वना मीटरकडे पुन्हा पाहू लागला. त्याची चकती पंपाच्या मोटारीच्या जागी होती. मोटारीची जाड तार, दोन-चार ओहम अडथळ्याची. त्याचा हात आपोआप तिथेच जायचा. "थांबा थांबा," तो पुटपुटला. चकती हजारांच्या पट्टीवर नेली, टोकं जोडून शून्य पुन्हा लावलं, आणि व्हॉल्व्हला टेकवली. काटा उठला आणि चार हजारांच्या आसपास उभा राहिला.

"केसासारखी बारीक तार शे याच्यात. मी मोटारीच्या मापानं मोजत होतो." त्याने कपाळ पुसलं आणि तो प्रेमकुंवरबाईंकडे वळला. "जित्तं शे, अक्का. जित्त्याला मी मरेल सांगितलं."

कुणी हसलं नाही. घेवरचंदसुद्धा नाही.

वायरी जोडून वनाने प्लग लावला, सगळ्यांना मागे सरायला सांगितलं आणि बटण ओढलं. व्हॉल्व्हजवळ कान नेला. "घूंऽऽ करतो शे. ऐका." गल्लीच्या आवाजात सकाळी कुणाला ते ऐकू आलं नव्हतं. भेंडोळं खेचत होतं, रस्ता उघडत होतं, पण त्या रस्त्याने कुणी येत नव्हतं.

"पाणी भरल्याशिवाय ड्रम फिरत नाही. ते भरलं की नाही, हे आतला दुसरा एक स्विच ओळखतो. वहिनी, एक बादली द्या."

बादली विहिरीच्या गाळलेल्या पाण्याची होती. साबणाच्या खणातून वना ती सावकाश ओतू लागला. दुसरी बादली अर्धी झाली, आत कुठेतरी टक् वाजलं, आणि ड्रम फिरला. ओले-कोरडे कपडे काचेमागे कोलमडत वर गेले, खाली आले. राजकुंवर उठून उभी राहिली.

"मशीनला कायबी झालं नाही," वना म्हणाला. "त्याला पाणी पोचत नाही."

त्याने प्लग काढला, तोटी बंद केली, व्हॉल्व्हकडची चाकी सोडली. जाळी बोटावर घेतली आणि पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. जाळी नवी असावी इतकी स्वच्छ होती. नळाच्या गढूळ पाण्यात इतके आठवडे राहून स्वच्छ. त्याने नळीवरून तोटीपर्यंत नजर नेली. पण त्याआधी प्रेमकुंवरबाई तिथे जाऊन बसल्या होत्या.

"मी काढते," त्या म्हणाल्या.

"बाई, तुम्ही कशाला?" राजकुंवर म्हणाली.

"मीच बसवलंय, बिनणी," त्या सुनेला म्हणाल्या.

चाकी सुटली. कापडाची घडी त्यांच्या तळहातावर आली. ते पांढरं राहिलं नव्हतं. नदीच्या गाळाचा तपकिरी लगदा, बुळबुळीत, त्यातून वास. आणि त्यात बारीक लाल दोरे. बाईंनी उजेडाकडे हात केला. दोरे नव्हते. काही वळवळत होते. बरेचसे वळवळत नव्हते.

वनाने नळीचं टोक खाली ठेवलं.

प्रेमकुंवरबाईंनी या घरात आलेल्या प्रत्येक नवरीला एक गोष्ट शिकवली होती: गाळणं वाळू द्यायचं नाही, गाळलं की लगेच धुवायचं, जीव परत सोडायचा. गाळणं म्हणजे कापड नव्हे, ते परत सोडणं. आणि स्वतः त्यांनी एक गाळणं लोखंडी तोंडात आवळून ठेवलं, दाबाच्या पाण्याखाली, आठवड्यांमागून आठवडे, आणि दारातून मशीनचं फिरणं पाहत सुख मानलं. अगाळ पाणी गेलं असतं तर हे जीव निदान वाहून गेले असते. त्यांनी त्यांना अडवून धरलं होतं.

त्यांचे ओठ हलले. "मिच्छामि दुक्कडं," इतकंच ऐकू आलं. माझी चूक फोल ठरो, मला क्षमा असो. संवत्सरीला, क्षमा मागायच्या दिवशी, त्या हे शब्द सगळ्या गल्लीला म्हणत. आज ते कुणा माणसाला नव्हते, तळहातावरच्या जिवांना होते.

"अक्का," वना फार हळू म्हणाला, "जे हालतात ते तरी जित्ते शेत."

बाईंनी मान वर केली. मग पितळी कळशी मागितली. तोटी बारीक सोडून त्याच पाण्यात त्यांनी कापड बुडवलं, चोळलं नाही, पिळलं नाही, घडीची एकेक बाजू सावकाश हलवत राहिल्या. विहिरीत ते सोडता येणार नव्हते, ते विहिरीचे नव्हते.

"टांगा सांगा," त्या यजमानांना म्हणाल्या.

"कुठे?"

"गिरणेवर."

एरवी घेवरचंदांनी काहीतरी म्हटलं असतं. ते झोपाळ्यावरून उतरले, चपला शोधल्या. "मी येतो बरोबर," म्हणाले. टांगा हलला तेव्हा बाईंच्या मांडीवर कळशी होती आणि तिच्या तोंडावर त्यांचा तळहात, पाणी हिंदकळू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यांचा प्रायश्चित्ताचा उपवास होता. सकाळी मशीनची नळी गुंडाळून खिळ्याला टांगलेली दिसली. तोटी बंद. पडवीत गाळलेल्या विहिरीच्या पाण्याच्या बादल्या ओळीने, आणि प्रेमकुंवरबाई मशीनजवळ पाटावर. राजकुंवरने दार लावलं, बटण ओढलं. बाईंनी साबणाच्या खणातून बारीक धारेने पाणी ओतायला सुरुवात केली. टक् वाजलं, ड्रम फिरू लागला. मग मशीनने मळकं पाणी टाकलं आणि खळबळायला नवं पाणी हवं म्हणून गप्प उभं राहिलं.

"बाई, थांबलंय," राजकुंवर म्हणाली. "ओतते मी."

"तुझे हात कोरडे राहू देत."

त्यांनी पुढची बादली उचलली. ओतण्याआधी त्या वाकल्या आणि गाळलेल्या पाण्यातही काही हलतंय का ते पाहत राहिल्या, इतका वेळ, की राजकुंवरलाही शेवटी वाकून पाहावं लागलं.