कुंदाताईंची खालची ओळ

आमच्या बिल्डिंगमध्ये कुंदाताई फार कुणाला आवडत नाहीत. पार्किंगवरून भांडतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये मागच्या मीटिंगचं काढतात, आणि संक्रांतीला तिळगूळ हातात ठेवतानाही चेहरा असा, जणू पावती देतायत. बदलापुरात फ्रेंच शिकवणारी बाई म्हटलं की लोकांना काहीतरी नाजूक डोळ्यांसमोर येतं. कुंदाताईंना बघितलं की ते जातं. सुती साडी, पायात रबरी चपला, आणि दारावर पाटी: ‘फ्रेंच. आठवी ते बारावी. भाषांतर. चौकशी बाहेरूनच करावी.’

त्यांच्याकडे संध्याच्या मुलाला मी नेलं, म्हणून हे सगळं मला सांगता येतं.

संध्या माझी जुनी मैत्रीण, अंबरनाथची. तिचा बुद्धभूषण एम.ए. झालेला, विषय इतिहास. त्याची आजी भिमाबाई अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात होती. पेट्या भरता भरता तिच्या बोटांची कातडी कशी सोलायची, हे ऐकतच हा मोठा झाला. पुढे त्याला कुठेतरी सापडलं की फ्रान्समध्येही काडेपेटीच्या कारखान्यांत बायका होत्या, त्यांनी संप केले होते, आणि त्यांच्यावर अभ्यास केलेल्या एक प्राध्यापक बाई तिथल्या विद्यापीठात आहेत. त्यांचं नाव व्हासेर. दोन्हीकडच्या बायका शेजारी ठेवून पीएच.डी. करायची, आणि ती त्यांच्याच हाताखाली, असं त्यानं मनात धरलं. तिथे आधी गाइडनं हो म्हणावं लागतं. मग विद्यापीठाकडे अर्ज आणि उन्हाळ्यात शिष्यवृत्तीची मुलाखत. पहिलं पत्रच फुकट गेलं तर पुढचं काहीच नाही.

पत्र त्यानं इंग्रजीत लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. ‘रिस्पेक्टेड मॅडम, आय हंबली बेग’ असलं काही नव्हतं. त्यात आजी होती, कारखाना होता, व्हासेरबाईंच्या पुस्तकातल्या एका प्रकरणाशी त्याचं कुठे जुळतं आणि कुठे जुळत नाही ते होतं. पण त्याच्या मामानं, महेंद्रनं, डोक्यात भरवलं की फ्रेंच लोकांना इंग्रजीचा राग असतो, इंग्रजी मेल ते उघडतसुद्धा नाहीत. मोबाइलवर भाषांतर केलेलं म्हणे लगेच ओळखू येतं. मग संध्यानं मला फोन केला.

कुंदाताईंनी पत्र उभ्यानंच वाचलं. आजीच्या बोटांपाशी थांबल्या, पुन्हा वाचलं, आणि म्हणाल्या की विद्यापीठाच्या साइटवरचं बाईंचं पान फ्रेंचमध्ये आहे म्हणून बाईंना इंग्रजी येत नाही असं कुणी सांगितलं? इंग्रजीतच पाठव. बुद्धभूषणनं मामाचं म्हणणं सांगितलं. मामा फ्रान्सला कधी गेले होते, असं ताईंनी विचारलं. कान लाल झाले त्याचे. मी मध्ये पडले, आणि ताईंनी काम घेतलं.

भाषांतर झालं ते बघायला आम्ही तिघं गेलो. ताईंनी वाचून दाखवलं. कळलं कुणालाच नाही, पण ऐकताना बरं वाटलं. शेवटचं वाक्य फार लांब आहे असं संध्या म्हणाली, तर ताई म्हणाल्या की त्यांच्याकडे पत्राच्या शेवटी नमस्कारालाच अख्खं वाक्य लागतं. मग त्याच्याही खाली एक ओळ होती. बुद्धभूषणनं बोट ठेवून विचारलं, हे काय.

“हे पत्र मूळ इंग्रजीतून भाषांतरित आहे, पत्रलेखकाला फ्रेंच येत नाही, मूळ सोबत जोडलं आहे,” ताई म्हणाल्या. “माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक पत्राखाली ही असते.”

संध्याचा चेहरा बदलला. एवढं छान पत्र आणि खाली हा डाग कशाला, असं तिनं विचारलं. ताई म्हणाल्या, डाग नाही, पद्धत आहे. बुद्धभूषण म्हणाला की मी फ्रेंच येतं असं कुठे लिहिलंय? ताई म्हणाल्या, पत्र फ्रेंचमध्ये आहे, ते आणखी कशानं सांगायचं?

इथे ताईंचं थोडं मागचं सांगते. मुलांना शिकवायच्या आधी त्या उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, जीन्सच्या एका सिंधी व्यापाऱ्याकडे पत्रव्यवहार बघायच्या. माल आफ्रिकेत जायचा, जिथे फ्रेंच चालतं तिथे. शेठ पत्र बोलायचा हिंदीत, ताई लिहायच्या फ्रेंचमध्ये, आणि खाली ही ओळ. एकदा शेठ म्हणाला, मॅडम, वो नीचे का लाइन निकाल दो, पार्टी को लगना चाहिए अपुन बड़ा आदमी है. काढली. पार्टीनं खूश होऊन थेट फोन लावला आणि फ्रेंचमध्ये बोलायला लागली. शेठ नुसता हां हां करत राहिला, आणि त्या हां हांमध्ये न परवडणारा भाव कबूल करून बसला. ऑर्डर बुडाली, आणि खापर ताईंवर. तेव्हापासून ती ओळ त्या कुणासाठी काढत नाहीत.

हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं असतं तर कदाचित निभलं असतं. पण समजावून सांगणं हा त्यांचा स्वभावच नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “मी माप घेऊन शिवते. पोट झाकून देत नाही.”

संध्या उठली. तिनं जे बोलायचं ते ताईंना नाही, मला बोलून दाखवलं, पण त्यांच्यासमोरच. “बघ गं. आमच्या पोराला काय येत नाही ते लिहायला यांचा हात कसा लगेच चालतो. पिढ्या गेल्या, तरी हेच.”

कुंदाताईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. आडनावं कुणी उच्चारली नाहीत, गरजही नव्हती. मला वाटलं आता ताई काहीतरी म्हणतील. त्यांनी प्रिंट बुद्धभूषणच्या हातात दिली, फाइल मेल केलीय म्हणाल्या, आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

ती ओळ त्यानं घरी जाऊन पुसली. फाइल त्याच्याकडेच होती, पुसायला कितीसा वेळ लागतो. इंग्रजी मूळही जोडलं नाही.

उत्तर लवकर आलं, फ्रेंचमध्ये आणि लांबलचक. मोबाइलवर उलटंसुलटं भाषांतर वाचून संध्यानं अंबरनाथला पेढे वाटले. मग कुणीतरी नीट वाचल्यावर तिचा मला फोन आला. बाईंना विषय फार आवडलाय, व्हिडिओवर भेटायचंय, आणि बोलणं फ्रेंचमध्ये.

आम्ही पुन्हा कुंदाताईंच्या दारात. या वेळी बोलणारी मीच. ताईंनी उत्तर वाचायला घेतलं, आणि मी त्यांना पहिल्यांदाच सावकाश वाचताना पाहिलं. एका जागी थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा तिथे आल्या. तिथे काय आहे म्हणून मी विचारलं. व्हासेरबाईंनी लिहिलं होतं की परदेशी विद्यार्थ्याकडून इतकं नितळ, इतकं नेमकं फ्रेंच फार वर्षांत वाचलं नव्हतं. सेमिनार आणि दफ्तरखान्यातली कागदपत्रं सगळी फ्रेंचमध्येच असल्यामुळे त्यांची मोठी काळजी मिटली आहे.

“हे मला लिहिलंय,” ताई म्हणाल्या.

आयुष्यभर पोरांना क्रियापदं घोकायला लावली, शेठची पत्रं लिहिली. तिकडच्या कुणी चांगलं म्हटलं ते हे असं, दुसऱ्याच्या नावावर, आणि तेही आपली ओळ पुसल्यावर. हे माझं आपलं मनातलं. ताईंनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

संध्यानं हात जोडले. तिला ते जड गेलं, मला दिसत होतं. व्हिडिओच्या वेळी ताईंनी नुसतं कॅमेऱ्याच्या मागे बसायचं, कागदावर उत्तरं लिहून धरायची, पोरगा वाचेल. एकदा आत गेला की तिकडे जाऊन शिकेलच की भाषा.

“आणि कागद धरायला मी त्याच्याबरोबर फ्रान्सला राहू का?” ताई म्हणाल्या.

“एवढंच मागतेय. तुमच्या घरातलं पोर असतं तर?”

“माझ्या घरातलं असतं तर पहिल्याच दिवशी कानाखाली खाल्ली असती त्यानं.” मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, “तुझं तू लिही. इंग्रजीत. मी हात लावणार नाही, मोबाइलही लावायचा नाही.”

संध्या म्हणाली, तुम्हाला आमचं वाईटच व्हायला हवं होतं. ताईंनी तेही ऐकून घेतलं.

त्यानं लिहिलं. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, पण उत्तर दाखवलं, या वेळी इंग्रजीत आणि चार ओळींचं. इंग्रजीत लिहिलं असतं तरी मी वाचलंच असतं, असं व्हासेरबाईंनी म्हटलं होतं. थिसिस इंग्रजीत लिहायची परवानगी मागता येते, पण ती सुरुवातीलाच मागायची. फ्रेंच कागदपत्रं वाचता येण्याएवढी भाषा तरी लागेलच. यंदा हे नाव पुढे करणं मला जमणार नाही, कारण दोन पत्रं लिहिणाऱ्यांपैकी कुणाचं नाव पुढे करायचं ते मला कळत नाही. विषय चांगला आहे.

संध्यानं माझ्याकडे येणं सोडलं. भीमजयंतीला दर वर्षी येणारा खिरीचा डबा या वर्षी आला नाही. महेंद्रमामा मला रिक्षा स्टँडवर भेटला तेव्हा म्हणाला, तुमच्या त्या बाईनं वर्ष घालवलं पोराचं. मी म्हटलं, ओळ कुणी पुसली? तो म्हणाला, ओळ घातली कुणी?

कुंदाताईंना मी एकदा म्हटलं होतं की तुम्ही जरा गोड बोलला असतात, शेठची गोष्ट सांगितली असतीत. त्या म्हणाल्या, गोड बोललं की लोकांना वाटतं घासाघीस करता येईल.

यंदा थंडीच्या सुरुवातीला बुद्धभूषण आला. आईला न सांगता. वर्षभर तो कल्याणला फ्रेंचच्या क्लासला जात होता. मुद्दामच कल्याणला, बदलापुरात ओळखीची शिकवणारी बाई असताना. कुंदाताईंच्या पाटीसमोर उभा राहिला आणि माझी बेल वाजवली, बरोबर चला म्हणाला.

पत्र नवं होतं, त्याच व्हासेरबाईंना, पुन्हा इंग्रजीत. वाचता थोडं येतं, लिहिण्याइतकं येत नाही, असं त्यानं सांगितलं. भाषांतर जोडायचंय, पण मूळ पुढे आणि भाषांतर मागे. बसला नाही. ताईंनीही बस म्हटलं नाही.

“आणि ती ओळ,” तो म्हणाला. “खाली नको. सगळ्यात वर घ्या.”

“वर घ्यायची पद्धत नाही. ती खालीच असते.”

“खाली असली की पुसता येते.”

“पुसणारा वरचीही पुसतो.”

“मॅडम, पत्र माझं आहे.”

“मग इथे कशाला आलास?”

मी दोघांकडे बघत राहिले. आता निघून जाईल असं वाटलं, पण तो हलला नाही. ताईंनी त्याच्या हातातून पत्र ओढून घेतलं, पेन उघडलं, आणि उभ्या उभ्याच पहिल्या ओळीच्या वर, कागदाच्या कडेला, फ्रेंचमध्ये एक ओळ लिहिली. मग तो कागद त्याच्यासमोर धरून म्हणाल्या, वाच.

त्यानं अडखळत वाचलं. एका शब्दाला दोनदा थांबला.

“कल्याणला हेच शिकवतात का?” कुंदाताई म्हणाल्या, आणि पुन्हा वाचायला लावलं.